गद्दाफीचा ग, कतारचा क, शारजाचा ज

तीन अरबी नावं मराठी वाचकाला वर्तमानपत्रांनी पाठ करून दिली आहेत. लिबियाचा गद्दाफी, आधी नोकऱ्यांमुळे आणि मग फुटबॉलच्या विश्वचषकामुळे कतार, आणि एप्रिल १९९८ मध्ये सचिनने ऑस्ट्रेलियाला लागोपाठ दोन शतकं ठोकली ते शारजा. पहिल्यात ग आहे, दुसऱ्यात क आणि तिसऱ्यात ज. अरबी लिपीत मात्र तिन्ही ठिकाणी एकच अक्षर लिहितात. त्याचं नाव क़ाफ.

यात कुणाची चूक नाही. लिबियात क़ाफचा उच्चार ग होतो, म्हणून गद्दाफी. शारजाचं लिखित अरबी नाव ‘शारिक़ा’ आहे, पण त्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘शार्जा’ म्हणत आली आणि इंग्रजीत तेच उतरलं. कतारचा क तेवढा लिपीवरून आला आहे; खुद्द कतारी माणूस आपल्या देशाचं नाव घेतो तेव्हा ते ‘गितर’च्या जवळपास ऐकू येतं. म्हणजे मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला अरबी उच्चारांचा नकाशा नकळत थोडाफार ठाऊक असतो. अरबी शिकायला बसणाऱ्याला तो नीट माहीत करून घ्यावा लागतो, कारण वर्गात शिकवलेली अरबी आणि कैरोच्या किंवा कुवैतच्या रस्त्यावर कानावर पडणारी अरबी यांच्यातलं बरंचसं अंतर तीन अक्षरांत सामावलेलं आहे: क़ाफ, जीम आणि था.

आधी ही अक्षरं पुस्तकी अरबीत कशी उच्चारतात ते पाहू. आपला क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूच्या मऊ भागाला लागतो. क़ाफसाठी जीभ त्याहून मागे, थेट पडजिभेपाशी टेकवायची. हे जमायला वेळ लागतो, पण एक खूण सोपी आहे. क़ाफ शेजारचा ‘अ’ पसरट करून टाकतो. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. यातला स्वर ‘कॉल्ब’कडे झुकतो. ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. त्यातला स्वर ‘कॅल्ब’कडे जातो. अरब माणूस व्यंजनाइतकाच स्वरही ऐकतो, त्यामुळे क़ाफ अर्धवट जमला तरी स्वर बरोबर असेल तर प्रेमपत्रातला ‘माझ्या हृदया’ हा ‘माझ्या कुत्र्या’ होत नाही.

जीम म्हणजे ‘जीव’मधला ज. ‘जातो’मधला नव्हे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो म्हणून मराठी माणूस इथे हमखास घसरतो. ‘जातो’मधला दंत्य ज अरबाला ज़सारखा, म्हणजे अरबीतल्या ज़ाय या वेगळ्याच अक्षरासारखा ऐकू येतो, आणि ‘जवाज़’ म्हणजे पारपत्र तर ‘ज़वाज’ म्हणजे लग्न. सौदीतल्या कोणत्याही जुन्या नोकरदाराला ‘जवाज़ात’ म्हणजे पारपत्रांचं खातं हे ठाऊक असतं. तिथल्या खिडकीसमोर हे दोन आवाज उलटसुलट होऊ नयेत एवढीच काळजी.

उरला था. तो आपला थ नाही. थ म्हणताना जीभ दातांमागे अडते, हवा कोंडते आणि मग सुटते, त्यामुळे थ लांबवता येत नाही. था म्हणताना जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सोडत राहायची, स लांबवतो तशी. पाच सेकंद लांबवता आला तर तो था, नाहीतर थ. पुढे सोयीसाठी मी थ असंच लिहिणार आहे, पण वाचताना जीभ दातांत असू द्यावी.

आता नकाशा उघडू. क़ाफची कहाणी सगळ्यांत लांब आहे. कैरो, बैरूत, दमास्कस, जेरुसलेम या जुन्या शहरांत रोजच्या बोलण्यात क़ाफचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी गळ्यात एक क्षणभर अडकाव येतो. लहान मूल गरम भांड्याकडे हात नेतं तेव्हा आपण ‘अ-अ!’ म्हणतो ना, त्या दोन अ-मधली जी तुटक जागा, तीच. अरबीत तिला हमज़ा म्हणतात. इथे मी ती ’ या खुणेने दाखवतो. कॉफीला पुस्तकी अरबीत ‘क़हवा’, कैरोत ‘’अहवा’. तिथली तरुण मंडळी मोबाइलवर रोमन लिपीत लिहिताना या अडकावासाठी चक्क दोनचा आकडा टाकतात: 2ahwa. हीच कॉफी रियाध, कुवैत, बसरा, खार्टूम, त्रिपोली इथे ‘गहवा’ होते. पॅलेस्टाइनच्या काही खेड्यांत क़ाफचा सरळ क होतो. मग हृदय आणि कुत्रा एक होतील की! होत नाहीत, कारण तिथे मूळच्या क-चा च झाला आहे: हृदय ‘कल्ब’ आणि कुत्रा ‘चल्ब’. भाषा एक जागा मोडते तेव्हा बहुधा दुसरी सावरून घेते. कैरोत मात्र ते घडलं नाही. तिथे ‘क़लम’ही ‘’अलम’ आणि वेदना या अर्थाचा ‘’अलम’ही तोच. लेखणी की वेदना, ते वाक्यावरून कळतं.

ही फूट शहर आणि वाळवंट यांच्यामधली आहे, असं ढोबळपणे म्हणता येतं. ग म्हणणारे मुळात बदू, म्हणजे भटक्या टोळ्यांची बोली बोलणारे. क़ किंवा हमज़ा म्हणणारे जुन्या शहरांत स्थिरावलेले. बगदादमध्ये तर एकाच शहरात ही रेषा धर्मानुसार गेली होती. ‘मी म्हणालो’ हे मुसलमान ‘गिलित’ म्हणत आणि ज्यू व ख्रिस्ती ‘क़ेल्तु’. हाइम ब्लांक या भाषाशास्त्रज्ञाने १९६४ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून इराकी बोलींच्या दोन कुळांना याच दोन शब्दांवरून नावं पडली आहेत. बगदादचे बहुतेक ज्यू १९५०-५१ मध्ये देश सोडून गेले. ‘क़ेल्तु’ची बोली आज मोसुलकडे ऐकू येते, तिथल्या मुसलमानांच्याही तोंडी. जॉर्डनच्या अम्मानमध्ये वेगळीच तऱ्हा: पुरुष बरेचदा ग वापरतात आणि शहरी बायका हमज़ा. एकाच घरातले भाऊ-बहीण एकच शब्द दोन तऱ्हांनी म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तरुण मुलाने तिथे फार हमज़ा वापरला तर मित्र त्याला बायकी म्हणून चिडवतात, हे परदेशी विद्यार्थ्याला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

मग ‘खरा’ क़ाफ कोणता? हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नव्हे. आठव्या शतकात बसऱ्याच्या सीबवैहने अरबीचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं, तेव्हा क़ाफ त्याने अशा गटात ठेवला ज्यातली बहुतेक अक्षरं ब, द, ज अशी घोष आहेत. आजचा पुस्तकी क़ाफ अघोष आहे. म्हणजे सीबवैहच्या कानावर पडणारा क़ाफ कदाचित ग-च्या अधिक जवळचा होता. पुढे चौदाव्या शतकात ट्युनिसला जन्मलेल्या इब्न ख़ल्दूनने ‘मुक़द्दिमा’त बदूंच्या क़ाफची मुद्दाम दखल घेतली आणि शहरी क़ाफपेक्षा तोच जुन्या मुदर टोळ्यांचा असावा, असा युक्तिवाद केला. गाव-खेड्याचा म्हणून ज्याला नाक मुरडावं तो उच्चार जुना निघणं, हे मराठी माणसाला तरी नवल वाटू नये.

जीमची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिची राजधानी एकच आहे: कैरो. तिथे जीम म्हणजे ग. म्हणून आपण ‘गमाल अब्दुल नासर’ म्हणतो आणि पिरॅमिडांचं गाव ‘गिझा’. लिपीत दोन्हीकडे जीम आहे. १९८८ चं नोबेल मिळालेल्या लेखकाचं नाव पुस्तकी रीतीने ‘नजीब’ आणि कैरोच्या रीतीने ‘नगीब’ महफूज़. हा ग अडाणीपणाचा नाही. अरबी वर्णमालेच्या जुन्या क्रमात अलिफ, बा, जीम, दाल असं येतं. हिब्रूत तिथे गिमेल आणि ग्रीकात गामा. उंटाला अरबीत ‘जमल’, हिब्रूत ‘गामाल’. म्हणजे जीम मुळात ग होता. कैरोचा ग हाच तो जुना ग की मधल्या काळात ज होऊन परत फिरलेला, यावर भाषाशास्त्रज्ञांत दोन मतं आहेत. बैरूत-दमास्कसकडे मात्र जीम मऊ होतो, ‘मेझर’मधल्या झ-सारखा.

ग-चा आवाज लिहायचा कसा, या प्रश्नावर अरब जग कसं फाटतं ते गूगलच्या नावात पाहावं. इजिप्तमध्ये ते जीमने लिहितात, बैरूतकडे ग़ैन या तिसऱ्याच अक्षराने आणि सौदीत बरेच जण क़ाफने. प्रत्येक जण आपल्या कानाशी प्रामाणिक आहे.

आखातात मात्र जीम आणि क़ाफ यांची गाठ पडते, आणि कोकणातून कुवैत-दुबईला जाणाऱ्याच्या कामाचा भाग हाच. आखाती किनाऱ्यावर बऱ्याच शब्दांत जीमचा य होतो. ‘मस्जिद’ची ‘मस्यिद’, कोंबडीचा ‘दजाज’ तो ‘दियाय’, आणि ‘खूप’ या अर्थाचा ‘वाजिद’ तो ‘वायिद’. हा शेवटचा शब्द आखातात महिनाभर राहिलेल्या कोणाच्याही तोंडी बसतो. जीमने अशी जागा रिकामी केली, तिथे क़ाफ भाडेकरू म्हणून आला. आधी त्याचा ग झाला, मग इ-ई-सारख्या पुढच्या स्वरांच्या संगतीत त्या ग-चा ज. म्हणून ‘क़रीब’ म्हणजे जवळ, ते ‘जिरीब’. ‘मशीद जवळ आहे’ हे पुस्तकी अरबीत ‘अल-मस्जिद क़रीब’ आणि कुवैती माणसाच्या तोंडी ‘इल-मस्यिद जिरीब’. पुस्तकात ज होता तिथे य, आणि क़ होता तिथे ज. नियम ठाऊक नसलेला नवशिका ‘जिरीब’ ऐकून जीमच्या पानांवर शब्द शोधत बसतो. शारजाही याच नियमाने घडलं: ‘शारिक़ा’तल्या इ-शेजारचा क़ाफ ज झाला. ‘क़ल्ब’मध्ये असा स्वर नाही, म्हणून आखातातही हृदय ‘गल्ब’च राहतं, ‘जल्ब’ होत नाही. शिकलेली, शहरातली पिढी परक्यांशी बोलताना हे य आणि ज टाळते. आजीशी बोलताना टाळत नाही.

था तुलनेने शांत आहे. आखात, इराक, ट्युनिशिया आणि बदू बोली यांनी तो सांभाळला आहे. कैरो, बैरूत, दमास्कस यांनी त्याचा त केला. तीन म्हणजे ‘थलाथा’, कैरोत ‘तलाता’. लसणाला ‘थूम’, लेबनॉनच्या हॉटेलांत कोंबडीसोबत लसणाची पांढरी चटणी येते तिचं नाव ‘तूम’ ते त्यामुळेच. बहरीनच्या शिया समाजाच्या जुन्या बोलीत था-चा फ होतो, म्हणजे तिथले तीन जवळजवळ ‘फलाफा’. पण खरी गंमत कैरोत आहे, कारण तिथे था-ला दोन वाटा आहेत. लहानपणापासून घरात वापरलेल्या शब्दांत त, आणि शाळेतून, मशिदीतून, बातम्यांतून आलेल्या शब्दांत स. एकाच लिखित शब्दाचे त्यामुळे दोन शब्द होतात. ‘थानिया’ हा शब्द ‘तान्या’ म्हटला तर ‘दुसरी’ आणि ‘सान्या’ म्हटला तर घड्याळाचा सेकंद. ‘सान्या वाहदा’ म्हणजे ‘एक सेकंद थांबा’. तिथे ‘तान्या’ म्हणून चालत नाही.

हा स आपल्या ओळखीचा आहे. फारसी आणि उर्दूनेही था-चा स केला, आणि आपल्याकडे अरबी शब्द त्याच वाटेने आले. ‘वारिथ’चा आपला ‘वारस’ झाला. ‘उथ्मान’चा ‘उस्मान’ झाला आणि निज़ामाच्या नावावरून उस्मानाबाद. तेच नाव इंग्रजीने ‘ऑटोमन’ असं त घालून घेतलं. उर्दूच्या सवयीने आलेल्या विद्यार्थ्याची थोडी अडचण होते. कुराणपठणात था हा थाच हवा. तजवीद शिकवणारे उस्ताद प्रत्येक अक्षराचा मख़रज, म्हणजे तोंडातली नेमकी जागा, दाखवून देतात. पठणात प्रदेश चालत नाही. कैरोचा क़ारी घरी ‘गामिअ’ म्हणेल, पण पठणात जीम, क़ाफ आणि था आपापल्या जागी ठेवील.

आता या सगळ्याचा उपयोग कसा होतो ते एका शब्दावर पाहू. ‘थक़ील’ म्हणजे जड. यात था आहे आणि क़ाफही. दुबईच्या गोदामात खोका उचलताना स्थानिक माणूस म्हणेल ‘थिजील’. बगदादमध्ये तो ‘थिगील’, दमास्कसमध्ये ‘त्’ईल’, कैरोत ‘ति’ईल’. आणि कैरोच्याच बातम्यांत अवजड उद्योगांची गोष्ट निघाली की तोच शब्द ‘सक़ील’. समजा, तुम्ही इजिप्शियन सिनेमा पाहताना ‘ति’ईल’ ऐकलात आणि शब्दकोशाकडे वळलात. हान्स वेहरचा प्रसिद्ध अरबी कोश, अरबीतल्या बहुतेक कोशांसारखाच, मूळ व्यंजनांच्या क्रमाने लावलेला आहे. ऐकलं ते त-हमज़ा-ल. त्याखाली हा शब्द मिळणार नाही. मग एकेक अक्षर मागे न्यायचं. कैरोचा हमज़ा, म्हणजे क़ाफ असू शकेल: त-क़-ल. नाही. कैरोचा त, म्हणजे था असू शकेल: थ-क़-ल. मिळाला. हलकेपणाने केलेलं हे काम दहा-वीस शब्दांनंतर कान आपोआप करू लागतो.

पण चावी शहरागणिक बदलते. कैरोत ग ऐकला तर तो जीम. रियाधमध्ये ग ऐकला तर तो क़ाफ. चंद्र ‘क़मर’, रियाधला ‘गमर’, कैरोला ‘’अमर’. कैरोत ‘गमल’ ऐकू आलं तर तो उंट, आकाशाशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘अरबीत ग म्हणजे काय’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी बोलणारा कुठला, हे पाहावं लागतं. कैरोत ‘गवाज़’ ऐकलं तर आणखी सावध राहावं: तिथे लग्नालाही ‘गवाज़’ म्हणतात, कारण बोलीत ‘ज़वाज’मधली अक्षरं जागा बदलून बसली.

बोलायचं कसं, यावर माझं मत सरळ आहे. लिहिण्यासाठी आणि कोश पाहण्यासाठी पुस्तकी उच्चार पक्के करावेत, मग जिथे राहायचं किंवा ज्यांच्याशी बोलायचं त्या एका गावाचे उच्चार उचलावेत आणि त्यांनाच धरून राहावं. रत्नागिरीहून कुवैतला निघालेल्याने इजिप्शियन सिनेमे पाहून ‘’अहवा’ आणि ‘गमील’ पाठ केले, तर कुवैतमध्ये त्याचं बोलणं कळेल, कारण इजिप्शियन सिनेमा सगळीकडे पाहिला जातो. पण तिथल्या माणसाचं ‘गहवा’ आणि ‘मस्यिद’ त्याला पहिले काही आठवडे कळणार नाही. एका वाक्यात कैरोचा हमज़ा आणि आखाताचा य कालवला तर ऐकणाऱ्याला हसू येतं.

नियम लागू करण्याची हौसही आवरावी लागते. हमज़ाची चटक लागलेला विद्यार्थी कैरोत ‘क़ुरआन’लाही ‘’उरआन’ करून बसतो. कैरोची माणसं असं करत नाहीत. धर्म आणि शाळा यांचे शब्द ते क़ाफनेच म्हणतात, आपल्या शहराचं ‘अल-क़ाहिरा’ हे नावसुद्धा. तिथे ‘क़वी’ म्हणजे बलवान आणि ‘’अवी’ म्हणजे ‘खूप’. लिहायला एकच, बोलायला दोन. उलट चूकही होते. पुस्तकी बोलायच्या नादात नवशिका खऱ्या हमज़ालाही क़ाफ समजतो आणि ‘स’अल’ म्हणजे ‘विचारलं’ याचा ‘सक़ल’ करतो. कोणता हमज़ा खरा आणि कोणता क़ाफची जागा घेऊन आलेला, हे आवाजावरून ओळखता येत नाही. तो शब्द लिहिलेला पाहावाच लागतो.

शुद्ध बोलायला गेल्यावर अशी घसरण खुद्द अरबांचीही होते. सुदानमध्ये रोजच्या बोलण्यात क़ाफ म्हणजे ग. भाषण करताना किंवा शाळेत पुस्तकी शब्द आला की अनेक सुदानी क़ाफच्या जागी ग़ैनचा, म्हणजे ‘ग़ज़ल’मधल्या ग़-चा, उच्चार करतात. सुदान १ जानेवारी १९५६ ला स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याला अरबीत ‘इस्तिक़लाल’ म्हणतात. तो क़ाफ ग़ झाला की ‘इस्तिग़लाल’ होतं, आणि त्याचा अर्थ शोषण. सुदानी लोक स्वतःच यावर विनोद करतात.